नवा ट्रान्सफॉर्मर महिनोन्‌महिने यार्डात पडून राहिला असेल, तर तेल भरण्याआधी काय करायचं

मराठवाड्यात १३२ केव्हीच्या कामावर नव्याने आलेल्या ज्युनिअर इंजिनिअरला आणि ठेकेदाराच्या साइट सुपरवायझरला समोर ठेवून हे लिहितो आहे. चित्र नेहमीचंच असतं. ट्रान्सफॉर्मर ट्रेलरवरून येतो, फाउंडेशन तयार नसतं, म्हणून तो स्लीपरवर ठेवला जातो. पावसाळा जातो, दिवाळी येते, आणि मग एका आठवड्यात चार्ज करा असा निरोप येतो. त्या घाईत फिल्टर मशीन जोडतात, तेल फिरवतात, बीडीव्ही ७० केव्ही आला की काम झालं असं धरतात.

तेल कोरडं झालं म्हणजे ट्रान्सफॉर्मर कोरडा झाला असं नसतं. पाणी तेलात फार कमी आणि कागदात फार जास्त असतं. पुढचं सगळं यावरच उभं आहे, म्हणून आधी हिशोब मांडतो.

## १. पाणी कुठं आहे ते आधी समजून घ्या

लातूर भागातल्या एका उपकेंद्रावरचा २५ एमव्हीए, १३२/३३ केव्हीचा ट्रान्सफॉर्मर उदाहरणाला घेऊ. मेन टँकमध्ये तेल साधारण १७ हजार लिटर, म्हणजे जवळपास १५ टन. कागद आणि प्रेसबोर्ड मिळून २ टन धरा.

तेलात २० पीपीएम ओल असेल तर १५ टनांत पाणी किती? फक्त ३०० ग्रॅम. कागदात मात्र १ टक्का ओल जास्त असेल तर ते पाणी २० किलो होतं. फिल्टर मशीन ते ३०० ग्रॅम एका दिवसात काढून बीडीव्ही चांगला दाखवेल. कागदातले २० किलो तिथंच राहतील. ट्रान्सफॉर्मर लोडवर गरम झाला की तेच पाणी पुन्हा तेलात उतरेल.

मग नुसतं गरम तेल फिरवत राहिलं तर? ताशी ६ हजार लिटरचं मशीन तासाला सुमारे ५,२०० किलो तेल फिरवतं. तेल आत जाताना २० पीपीएम आणि बाहेर येताना ५ पीपीएम असेल, तर तासाला ७८ ग्रॅम पाणी निघतं. दिवसाला दोन किलोही नाही. २० किलोला अकरा दिवस लागतील, तेही मशीन एकदाही बंद पडलं नाही तर. म्हणून गरम तेलाचा उपयोग कागद तापवण्यापुरता करायचा आणि पाणी व्हॅक्यूमने ओढायचं.

## २. हाताशी काय असावं

कागदपत्रं: कंपनीचं इरेक्शन मॅन्युअल, व्हॉल्व्हची जागा दाखवणारं ड्रॉइंग, कारखान्यातून निघतानाच्या गॅस दाबाची नोंद, इम्पॅक्ट रेकॉर्डरचा अहवाल, तेलाचा टेस्ट रिपोर्ट, आणि साठवणीच्या काळातलं गॅस दाबाचं रजिस्टर. शेवटचं रजिस्टर बहुतेक वेळा नसतं किंवा एकाच दिवशी एकाच पेनाने भरलेलं असतं. तसं दिसलं तर ट्रान्सफॉर्मर ओला आहे असं धरूनच पुढं जा.

सामान: डीगॅसिंग चेंबर असलेलं फिल्टर मशीन, बूस्टरसह वेगळा व्हॅक्यूम पंप, स्वच्छ तेलटाकी, ड्यू पॉइंट मीटर, टँकवर बसवायचा इलेक्ट्रॉनिक व्हॅक्यूम गेज, बीडीव्ही किट, ऑक्सिजन मीटर, आणि आयोलार ग्रेडचा कोरडा नायट्रोजन. टँकमध्ये १७ घनमीटर जागा आहे. वातावरणापेक्षा थोडा जास्त दाब धरला तर एका वेळेला सुमारे २० घनमीटर गॅस लागतो. एका सिलिंडरमध्ये ७ घनमीटरच्या आसपास गॅस असतो, म्हणजे दर फेरीला तीन सिलिंडर. फेऱ्या दोन-तीन होतात, त्या हिशोबाने आधीच मागवा. तालुक्याच्या गावात आयोलार ग्रेड आयत्या वेळी मिळत नाही, आणि वेल्डिंगवाल्याकडचा नायट्रोजन इथं चालत नाही.

वीज: ताशी ६ हजार लिटर तेल २५ अंशांनी तापवायला नुसत्या हीटरलाच सुमारे ७० किलोवॅट लागतात. पंप वेगळे. उपकेंद्राचा छोटा स्टेशन ट्रान्सफॉर्मर आणि गावचा फीडर यांवर विसंबू नका, डीजी उभा ठेवा. कारण नुसता वेळ वाया जाण्याचं नाही. व्हॅक्यूम चालू असताना वीज गेली आणि पंपाच्या लाइनवरचा व्हॉल्व्ह आपोआप बंद होणारा नसेल, तर पंपातलं तेल उलटं टँकमध्ये ओढलं जातं. काम सुरू करण्याआधी मुद्दाम एकदा सप्लाय तोडून तो व्हॉल्व्ह बंद होतो का ते डोळ्यांनी पाहा.

## ३. झाकण उघडण्याआधी ड्यू पॉइंट मोजा

गॅस भरून आलेल्या टँकमध्ये साधारण ०.१५ ते ०.२ किलो दाब असावा. दाब शिल्लक असेल तर बाहेरची हवा आत गेलेली नाही, एवढं समाधान मिळतं. आपल्या उदाहरणात गेजची सुई शून्यावर होती आणि जोडलेला सिलिंडर रिकामा होता. अशा वेळी आधी टँकमध्ये कोरडा नायट्रोजन भरून तो २४ तास तसाच ठेवायचा. तेवढ्या वेळात कागदाच्या पृष्ठभागावरची ओल आणि गॅसमधली वाफ यांचा समतोल साधतो, आणि मग गॅसचा ड्यू पॉइंट कागदाविषयी काही सांगू शकतो. भरलेल्या गॅसचा स्वतःचा ड्यू पॉइंट उणे ५० किंवा त्याखाली आहे हे सिलिंडरवरच तपासून घ्या.

मोजायची वेळ महत्त्वाची आहे. आपल्याकडं ऑक्टोबरच्या दुपारीसुद्धा टँकचा पत्रा हात लावू देत नाही, पण आतला कोअर तेवढा तापलेला नसतो. तक्त्यात तर कागदाचं तापमान लागतं. म्हणून पहाटे, ऊन टँकवर पडायच्या आत मोजा. तेव्हा आतलं आणि बाहेरचं तापमान जवळ आलेलं असतं.

मीटरला जोडायची नळी स्टीलची किंवा टेफ्लॉनची हवी. रबरी नळी स्वतःच ओल सोडते आणि आकडा खोटा येतो. गॅस काही मिनिटं सोडून द्या, आणि आकडा स्थिर झाल्यावरच लिहा.

आपल्या उपकेंद्रांत सर्रास वापरला जाणारा तक्ता सुमारे १ टक्का ओलीसाठी असा आहे:

- कागदाचं तापमान १५.५ अंश: ड्यू पॉइंट उणे ३३ किंवा त्याखाली
- २१ अंश: उणे २८
- २७ अंश: उणे २३
- ३२ अंश: उणे १८
- ३५ अंश: उणे १६

तुमच्या कंपनीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आलेख असेल तर तोच धरा.

उदाहरणातला आकडा उणे १२ आला, कागदाचं तापमान २६ अंश. तक्त्याप्रमाणे उणे २४ हवा होता. म्हणजे पृष्ठभागावरची ओल २ टक्क्यांच्या आसपास. तिथं सगळ्यांनी विचारलं तेच तुम्हालाही विचारतील: "साहेब, बीडीव्ही तर घेऊन बघा आधी." बीडीव्ही तेलाचा असतो. टँकमध्ये अजून तेल नाहीच.

नायट्रोजनबाबत इशारा. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. मॅनहोल उघडून नुसतं डोकं आत घातलं तरी माणूस काही श्वासांत बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढायला उतरणाराही तिथंच कोसळतो. आत कुणी उतरणार असेल तर आधी कोरडी हवा भरपूर फिरवा. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या वर आहे हे तळाशी मीटर सोडून पाहा, आणि बाहेर एक माणूस कायम उभा ठेवा.

## ४. व्हॅक्यूमआधी काय वेगळं काढायचं, काय जोडायचं

टँक पूर्ण व्हॅक्यूम सोसतो, पण त्यावर बसवलेली प्रत्येक वस्तू सोसेलच असं नाही. रेडिएटर आणि कन्झर्व्हेटर व्हॅक्यूम सोसतात का हे मॅन्युअलमध्ये पाहा. सोसत नसतील तर व्हॉल्व्ह बंद करून ब्लँक प्लेट लावा. नुसत्या बटरफ्लाय व्हॉल्व्हवर भिस्त ठेवू नका, तो व्हॅक्यूमला हमखास थोडा गळतो. कन्झर्व्हेटर व्हॅक्यूममध्ये घेणार असाल तर एअर सेलच्या आतबाहेर दोन्हीकडं सारखाच व्हॅक्यूम लागला पाहिजे, नाहीतर सेल फाटतो.

सगळ्यात महाग चूक ओएलटीसीत होते. डायव्हर्टर स्विचचा कप्पा आणि मेन टँक यांच्यामध्ये एक बॅरियर बोर्ड किंवा सिलिंडर असतो. एका बाजूला व्हॅक्यूम आणि दुसऱ्या बाजूला हवा राहिली तर तो तडकतो. म्हणून दोन्ही कप्पे इक्वलायझिंग पाइपने जोडूनच पंप चालू करायचा. पाइपचा व्हॉल्व्ह उघडा आहे का हे दोघांनी वेगवेगळं तपासावं.

रेडिएटर आणि पाइप यार्डात उघडे पडले असतील तर प्रत्येक तोंडात टॉर्च मारा. ब्लँक प्लेट निखळलेली असेल तिथं कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं हमखास सापडतं, आणि तळाशी पावसाचं पाणी साचलेलं असतं. हे सगळे भाग गरम तेलाने वेगळे धुवून घ्या. ते तेल मुख्य टाकीत परत आणू नका.

## ५. गळती आणि ओल यांतला फरक ओळखा

आधी कोरड्या गॅसचा हलका दाब भरून प्रत्येक फ्लँजवर साबणाचं पाणी लावा. मोठी गळती इथंच सापडते. मग व्हॅक्यूम ओढा. गेज टँकच्या माथ्यावर, पंपापासून दूरच्या टोकाला हवा. पंपाजवळचा गेज पंपाचं कौतुक सांगतो, टँकमध्ये काय आहे ते सांगत नाही. पाऱ्याचा मॅक्लिऑड गेज वाफ नीट मोजत नाही, आणि चुकला तर पारा टँकमध्ये जातो. त्याला दूर ठेवलेलं बरं.

दाब १ मिलीबारच्या खाली आला की पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून दर दहा मिनिटांनी आकडा लिहा. सुई वर सरकणारच. प्रश्न एवढाच की ती कशी सरकते.

उदाहरणातले पहिले आकडे असे होते: ०.८, मग १.३, १.८, २.३. दर दहा मिनिटांना सारखीच वाढ. सरळ रेषेत चढणारा दाब ही गळती असते, कारण बाहेरची हवा एकाच वेगाने आत येत राहते. हिशोब करा: ०.५ मिलीबार गुणिले १७ हजार लिटर, भागिले ६०० सेकंद, म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मिलीबार-लिटर. सोप्या भाषेत मिनिटाला एक लिटरहून थोडी कमी हवा. तुमच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेशी हा आकडा ताडून पाहा.

गळती शोधल्यावर एका रेडिएटर फ्लँजच्या ब्लँक प्लेटचं गॅस्केट दुमडलेलं निघालं. ते बदलल्यावर आकडे आले ०.६, १.१, १.३, १.३५. आधी झपकन चढून मग मंदावणारा दाब म्हणजे कागदातून सुटणारी वाफ. इथं फ्लँज आवळत बसण्यात अर्थ नाही, कागद वाळवायलाच लागतो.

गळतीतून येणारी दमट हवा दिवसाला वीस-पंचवीस ग्रॅमच पाणी आणते, हे खरं. पण पाऊस आला आणि गळक्या फ्लँजवर पाणी साचलं, तर हवेऐवजी पाणीच आत ओढलं जातं. परतीच्या पावसाच्या दिवसांत प्रत्येक वरच्या फ्लँजवर ताडपत्री हवीच.

## ६. तापवा, उतरवा, ओढा

थंड कागदावर व्हॅक्यूम फारसं काम करत नाही. २५ अंशांवर १ टक्का ओल असलेल्या कागदाची वाफ १ मिलीबारपेक्षाही कमी दाब देते. टँकमध्ये १ मिलीबार व्हॅक्यूम असेल तर वाफेला बाहेर पडायला कारणच उरत नाही. तोच कागद ६० अंशांवर असेल तर वाफेचा दाब दहापट किंवा त्याहूनही जास्त होतो, आणि मग तोच पंप पाणी ओढू लागतो. अडचण अशी की व्हॅक्यूम सुरू झाल्यावर उष्णता आत पोचवायला माध्यमच राहत नाही. म्हणून क्रम पाळायचा:

१. थोडा वेळ व्हॅक्यूम घेऊन फिल्टर केलेलं गरम तेल कोअर-वाइंडिंग बुडेपर्यंत भरा.

२. रेडिएटर बंद ठेवा, टँकभोवती ताडपत्री गुंडाळा, आणि मशीनचं आउटलेट ६० ते ६५ अंशांवर ठेवून तेल फिरवा. टँकमधून परत येणारं तेल ५५ अंशांच्या पुढं स्थिर झाल्यावर आणखी २४ तास द्या. तेल लवकर तापतं, आतला प्रेसबोर्ड सावकाश. डिसेंबर-जानेवारीत रात्री वारा सुटतो तेव्हा ताडपत्रीशिवाय हा आकडा गाठणं कठीण जातं.

३. वरून कोरडा नायट्रोजन सोडत तेल जमेल तेवढं झटपट टाकीत उतरवा. इथं रेंगाळलात तर कमावलेली उष्णता जाते.

४. लगेच व्हॅक्यूम ओढा आणि ४८ तास सलग चालू ठेवा. पंपाचा गॅस बॅलास्ट उघडा असू द्या. पंपाचं तेल दुधासारखं पांढरं दिसलं तर त्यात पाणी गेलं आहे, ते बदला. त्या तेलावर पंप खोल व्हॅक्यूम देऊ शकत नाही.

५. कोरड्या नायट्रोजनने व्हॅक्यूम तोडा, २४ तास थांबा, पहाटे ड्यू पॉइंट घ्या.

पहिल्या फेरीनंतर २४ अंशांवर आकडा उणे १९ आला. हवा होता उणे २६. दुसऱ्या फेरीनंतर २२ अंशांवर उणे ३१ आला, गरज उणे २७ ची होती. इथं वाळवणं थांबवलं.

एक मर्यादा लक्षात ठेवा. ड्यू पॉइंट कागदाच्या पृष्ठभागाचं सांगतो, जाड प्रेसबोर्डच्या गाभ्याचं नाही. ट्रान्सफॉर्मर उघडाच राहून वर्ष झालं असेल किंवा आत पाणी साचलेलं सापडलं असेल, तर साइटवरच्या फेऱ्या पुरत नाहीत. कंपनीला लेखी कळवा आणि निर्णय त्यांच्याकडून घ्या.

आणि व्हॅक्यूम चालू असताना मेगर लावायचा नाही. कुणी कितीही घाई करो. विरळ हवेत कमी व्होल्टेजलाही ठिणगी पडते आणि इन्सुलेशन जळतं.

## ७. शेवटचं तेल भरणं

आता व्हॅक्यूम पुन्हा १ मिलीबारच्या खाली न्या आणि मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ धरून ठेवा. या व्होल्टेजला बहुधा २४ तास असतात. हा वेळ मोजायचा तो दाब १ मिलीबारखाली गेल्यापासून, पंप चालू केल्यापासून नाही.

त्याच वेळी टाकीतलं तेल तयार करा: बीडीव्ही ७० केव्हीच्या वर, ओल १० पीपीएमच्या आत, त्याहून कमी मिळाली तर उत्तम. सगळे बुशिंग एकमेकांना जोडून अर्थिंग करा. टँक, मशीन आणि टाकीलाही अर्थिंग द्या. कोरडं तेल पाइपमधून वाहताना स्थिर विद्युत तयार होते, म्हणून हे टाळता येत नाही.

तेल ५० ते ६० अंशांवर, खालच्या व्हॉल्व्हमधून, सावकाश. पंप वरून चालूच राहील. पातळी पाहायला व्हॅक्यूम सोसणारी पारदर्शक नळी खालच्या व्हॉल्व्हपासून माथ्यावरच्या व्हॉल्व्हपर्यंत लावा. दोन्ही टोकं टँकलाच जोडलेली हवीत, तरच पातळी खरी दिसते. झाकणाच्या साधारण २०० मिलिमीटर खाली तेल आलं की थांबा. आणखी वर गेलात तर ते पंपात शिरेल. भरणं मधेच तोडू नका. टाकीत पुरेसं तेल, टँकरचा पत्ता आणि डीजीचं डिझेल हे तिन्ही आधीच पक्कं करून मगच व्हॉल्व्ह उघडा.

भरल्यावरही काही तास व्हॅक्यूम राहू द्या. मग कोरड्या गॅसने तोडा, कन्झर्व्हेटरपर्यंत तेल चढवा, आणि धुतलेले रेडिएटर एकेक करून उघडा. प्रत्येक रेडिएटरचा माथा, बुशिंग टरेट आणि बुखोल्झ रिले यांचे एअर व्हेंट तेलाची अखंड धार येईपर्यंत सोडा.

## ८. चार्ज करण्याआधी

सगळं तेल दोन-तीनदा फिरेल एवढा वेळ ६० अंशांवर सर्क्युलेशन द्या आणि मग किमान २४ तास पूर्ण शांत ठेवा. दरम्यान रोज व्हेंट सोडा, हवा निघत राहते.

तेलाचा नमुना खालच्या व्हॉल्व्हमधून, पहिलं तेल सोडून देऊन, सुक्या बाटलीत घ्या. ७२.५ ते १७० केव्ही वर्गाच्या नव्या ट्रान्सफॉर्मरला चार्जिंगआधी बीडीव्ही ६० केव्हीच्या वर आणि ओल १० पीपीएमच्या खाली हवी. बीडीव्हीसाठी अंतर २.५ मिलिमीटर आहे का ते गेजने पाहा, किटवर लिहिलं आहे म्हणून मानू नका. ओलीचा दुसरा नमुना चार-पाच दिवसांनी घ्या आणि दोन्ही वेळचं तेलाचं तापमान आकड्याशेजारी लिहा. त्याच तापमानाला ओल वाढलेली दिसली तर ती कागदातूनच आलेली आहे, आणि सहाव्या पायरीकडं परत जायचं.

चार्जिंगआधीचा डीजीए नमुनाही ठेवा. पुढं कधी गॅस दिसले तर तुलना याच आकड्यांशी होईल. ड्यू पॉइंटचे सगळे आकडे, प्रत्येकाशेजारी कागदाचं तापमान, दर दहा मिनिटांचे दाब आणि कुठलं गॅस्केट बदललं ते लिहिलेला कागद ट्रान्सफॉर्मरच्या हिस्टरी रजिस्टरला जोडा, आणि त्याची एक प्रत टेस्टिंग विभागाकडं पाठवा.